मधल्या तीन वर्षांचं काय?

राज्याच्या अधिकारी पदांच्या मुख्य परीक्षेचा निकाल लागला, तेव्हा आमच्या गावाला वाटलं की मी साहेब झाले. सेनगाव तालुक्यात साखऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. दोन-तीन जण पेढे घेऊन घरी आले. अजून मुलाखत बाकी आहे, ती झाल्याशिवाय काही खरं नाही, हे मी प्रत्येकाला समजावून सांगत होते आणि ते मान हलवून पेढा पुढे करत होते. आबांना तेवढं समजलं होतं. माझे वडील मेंढरं राखणारे, शाळेत चौथीपर्यंत गेलेले. ते म्हणाले, "म्हंजे आता तोंडानं बोलायचं ऱ्हायलंय. ते तर तुला येतंच की."

मलाही तसंच वाटत होतं.

हिंगोलीच्या ज्या अभ्यासिकेत मी बसायचे, तिथल्या चालकांनी एका निवृत्त उपजिल्हाधिकाऱ्यांचा नंबर दिला. ते नोकरी संपल्यावर हिंगोलीतच राहत होते आणि मुलाखतीला निवडलेल्या मुलांचा सराव घ्यायचे, एक पैसाही न घेता. फोनवर त्यांचा आवाज फार मऊ होता. मला त्यांनी ताई म्हटलं, आधी माहितीचा अर्ज पाठवून द्या म्हणाले, रविवारी अकराला या म्हणाले. मी त्यांना साहेब म्हणायचे, अजूनही म्हणते.

रविवारी मी साडेदहालाच पोचले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, दार उघडून ओट्यावर बसवलं. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. पावणेबाराला आतून हाक आली. साहेब टेबलामागे बसून मोबाईल बघत होते. मी नमस्कार केला. त्यांनी वर पाहिलं नाही. थोडा वेळ उभी राहून मी खुर्चीवर बसले.

"बसायला कुणी सांगितलं?"

मी उठले.

"आता उभ्या का राहिलात? स्वतःचा निर्णय स्वतःला पटत नाही का?"

फोनवरचा माणूस हाच का, हे मला कळेना. प्रशासनात का यायचं, असं त्यांनी विचारलं. मी पाठ केलेलं उत्तर सुरू केलं. दुसऱ्या वाक्याला ते म्हणाले, हे सगळेच म्हणतात, पुढचं बोला. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग त्यांनी विचारलं, हिंगोली जिल्हा कोणत्या जिल्ह्यातून वेगळा झाला. परभणीतून, मी सांगितलं. हे तर आमच्याकडं पोरासोरांनाही माहीत असतं.

"नक्की? नांदेडमधून झाला ना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते इतक्या खात्रीनं बोलले होते की मला वाटलं माझंच चुकलंय. मी म्हणाले, "हो सर, नांदेडमधून असेल."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग माझा अर्ज उचलून बोटानं एक ओळ दाखवली. पदवी झाल्याचं साल आणि पहिली परीक्षा दिल्याचं साल, यांच्यात तीन वर्षांचं अंतर होतं. मधल्या तीन वर्षांचं काय, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, घरी अभ्यास करत होते. कोणती पुस्तकं, त्यांनी विचारलं. मी दोन-तीन नावं सांगितली. त्यातल्या एका पुस्तकात काय आहे ते त्यांनी विचारलं, आणि मी सांगू लागले तसं मध्येच तोडलं. मग तीन वर्षं अभ्यास केला तर एकही परीक्षा का दिली नाही, असं विचारलं. तयारी पूर्ण नव्हती, मी म्हणाले.

"ताई, तुम्ही खोटं बोलताय. आणि तेही धड बोलता येत नाही तुम्हाला."

मी ओरडले. नक्की काय बोलले ते नीट आठवत नाही, पण 'तुम्हाला काय करायचंय माझ्या घरचं' असं काहीतरी होतं. मग मला रडू आलं, आणि ज्या माणसासमोर रडायचं नव्हतं त्याच्यासमोरच रडतेय, याच्या रागानं आणखी आलं.

साहेबांनी मोबाईल उलटा ठेवला. फोनवरच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "बसा ताई. मुलाखत संपली." काकू पाणी घेऊन आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की हे त्यांना नवीन नव्हतं.

साहेबांनी माफी मागितली नाही. त्यांनी सांगितलं की हे सगळं ठरवून केलेलं होतं. मुलाखत घेणाऱ्या मंडळात प्रत्येक वेळी असा माणूस असेलच असं नाही, बहुतेक वेळा नसतोच. पण कधी एखादा सदस्य मुद्दाम उद्धट होतो, मध्ये तोडतो, बरोबर उत्तराला चूक म्हणतो. तहसील कचेरीच्या दारात नुकसानभरपाईसाठी दोनशे माणसं ओरडत उभी असतात, वरून वरिष्ठांचा फोन चालू असतो, तेव्हा तुमचं काय होतं, हे त्याला त्या अर्ध्या तासात बघायचं असतं. त्यांच्या स्वतःच्या नोकरीत एकदा असाच तोल गेला होता. एका म्हाताऱ्याला ते भर चावडीत वाटेल ते बोलले होते. त्या म्हाताऱ्याचं म्हणणं खरं निघालं. एवढं सांगून ते त्या विषयावर थांबले.

मग त्यांनी कागद पुढे ओढला. "परभणी सोडून नांदेडला कशाला गेलात?" त्यांनी विचारलं. "मी आवाज चढवला म्हणून जिल्हा बदलत नाही."

मला त्याही अवस्थेत थोडं हसू आलं.

त्या दिवशी त्यांनी फार काही शिकवलं नाही. समोरचा मध्ये तोडतो तेव्हा थांबायचं, त्याचं पूर्ण होऊ द्यायचं, मग हवं तर विचारायचं की माझं उत्तर पूर्ण करू का. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं आणि त्याला शेपूट लावायचं नाही. उगाच हसायचं नाही. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली, की अपमानाच्या आत बहुतेक वेळा एक प्रश्न असतो, तेवढाच उचलायचा, बाकीचं टेबलावर पडू द्यायचं.

शेवटी, मी निघताना, त्यांनी हळूच विचारलं की ती तीन वर्षं खरंच कुठं गेली.

मी सांगितलं. पदवीचा निकाल लागला त्याच महिन्यात आबा बांधावरून घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. भाऊ नव्हता. दिवाळी झाली की आमची मेंढरं गाव सोडतात, रानोरान फिरतात, लोकांच्या मोकळ्या झालेल्या शेतात रात्री बसतात, खत होतं म्हणून शेतकरी दाणे देतो, पैसे देतो. आई एकटी सत्तर मेंढरांमागे जाऊ शकत नव्हती. म्हणून मी गेले. एक वर्ष म्हणता म्हणता तीन गेली. माझ्याबरोबर शिकलेल्या मुली रस्त्यात भेटल्या की मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून घ्यायचे.

"आणि हे लपवत होता?"

"लाज वाटते, साहेब."

त्यांनी अर्जातली ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "खोटं बोलणाऱ्याला शांत राहता येत नाही. त्याचं अर्धं लक्ष ते खोटं सांभाळण्यात जातं."

त्यानंतर पाच रविवार मी गेले. दर वेळी ते उद्धट व्हायचे, आणि आता हे नाटक आहे हे ठाऊक असूनही दर वेळी मी पहिल्या उत्तरालाच अडखळायचे. ठाऊक असण्याचा उपयोग होतो, पण वाटतो तेवढा होत नाही. तिसऱ्या रविवारी मी परभणीवर टिकले. चौथ्या रविवारी त्यांनी माझ्या साडीच्या रंगावरून टोमणा मारला आणि मी त्यात प्रश्न नाही म्हणून गप्प बसले. तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवून मान हलवली.

आठवड्यात मात्र सराव घ्यायला कोणी नव्हतं. म्हणून एका दुपारी मी आबांनाच सांगितलं की तुम्ही साहेब व्हा आणि मला वेडंवाकडं बोला. ते काठी टेकत खाटेवर येऊन बसले, टोपी नीट केली. मी समोर पाटावर बसले.

"काहून द्यावं तुला नोकरी?" त्यांनी विचारलं. मी उत्तर देऊ लागले तर ते मन लावून ऐकू लागले. मी म्हणाले, आबा, मध्येच तोडा की. ते म्हणाले, "बरं बोलून राहिलीस तर काहून तोडू?" आई चुलीपुढे हसत होती. मी म्हणाले, काहीतरी लागेल असं विचारा. ते विचारात पडले. अंगणातल्या कोकरांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माह्यापायी तुही तीन सालं गेली. राग येतो का माहा?"

साहेबांच्या खोलीत असला प्रश्न कधी आला नव्हता. आईचं हसणं थांबलं. थांबायचं, श्वास घ्यायचा, सगळं मला माहीत होतं. मी थांबले. नाही म्हणणं सोपं होतं, आणि ते खोटं झालं असतं.

मी म्हणाले, "यायचा आबा. काही दिवशी लई यायचा. रोज न्हाई."

त्यांनी मान हलवली, एकदाच. "मला वाटलंच व्हतं," ते म्हणाले. "इचारायला भेत व्हतो." मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं की आणखी विचारू का. मी म्हणाले, नको, आजच्यापुरतं पुरे. त्या संध्याकाळी आम्ही दोघं नेहमीसारखेच बोललो, पाण्याबद्दल, एका लंगडणाऱ्या मेंढीबद्दल. पण आमच्यामधलं काहीतरी जे तीन वर्षं अवघडून बसलं होतं, ते उठून गेलं होतं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी कागदपत्रांची तपासणी झाली आणि कोण कोणत्या मंडळापुढे जाणार ते कळलं. माझ्या मंडळात माझ्या आधी एक मुलगी होती, आमच्याच जिल्ह्यातली, डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरची. तिच्या तांड्यातून मुलाखतीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. सराव कुठे केलास, मी विचारलं. आरशापुढे, ती म्हणाली. तिनं तिच्या डब्यातला लाडू मला अर्धा दिला.

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि ती माझ्याकडे न बघता पुढे निघून गेली. लगेच माझं नाव आलं, त्यामुळे मला काही विचारता आलं नाही.

मंडळाच्या अध्यक्ष एक शांत बाई होत्या. त्यांनी बसायला सांगितलं, गावाचं विचारलं, पिकांचं विचारलं. मी सोयाबीन, कापूस, तूर सांगत होते तेवढ्यात उजवीकडचे सदस्य म्हणाले, "हे पाठ्यपुस्तक आम्हीही वाचलंय." जाड चष्मा, अंगानं भारदस्त, समोर माझा अर्ज उघडा. ते घड्याळाकडे बघत होते. माझ्या चपलेतले अंगठे आपोआप घट्ट दाबले गेले.

त्यांनी विचारलं, मधली तीन वर्षं काय केलं. मी सांगितलं, मेंढरं राखली.

"मेंढरं." त्यांनी शब्द नुसता म्हटला. मग विचारलं, मेंढरांना आंत्रविषाराची लस कधी देतात. मी सांगितलं, पावसाळ्याच्या आधी, कोवळं गवत उगवायच्या आत.

"चूक. पावसाळा संपल्यावर देतात."

मी त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दिलं. ते आणखी काही बोलणार आहेत का ते पाहिलं. मग म्हणाले, "सर, मला माहीत आहे त्याप्रमाणे पावसाळ्याआधी. आम्ही दर वर्षी तशीच दिली."

"म्हणजे मी खोटं बोलतोय? वाद घालताय तुम्ही."

"नाही सर. मला जे माहीत आहे तेवढंच सांगतेय."

त्यांनी लगेच एका कायद्यातलं कलम विचारलं. मला येत नव्हतं. माहीत नाही सर, मी म्हणाले. दुसरं विचारलं. तेही येत नव्हतं. तेही तसंच सांगितलं. मग ते म्हणाले, तुम्हाला काहीच कसं माहीत नाही, तुमच्यासारख्यांना इथवर पाठवतं कोण. त्यात खरा प्रश्न नव्हता. मी गप्प राहिले. खोलीतल्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

शेवटी ते खुर्चीत पुढे सरकले. "वडिलांनी तुमची तीन वर्षं वाया घालवली. असंच ना?"

पाच रविवारांचा सराव त्या क्षणी माझ्या उपयोगी पडला असं मी म्हणणार नाही. मला आमचं अंगण दिसलं आणि काठी धरून खाटेवर बसलेले आबा दिसले. हा प्रश्न मला आधीच विचारून झाला होता, आणि ज्याला तो विचारायचा खरा अधिकार होता त्यानं विचारला होता.

"मलाही काही दिवस तसं वाटायचं, सर," मी म्हणाले. "वडिलांना मी ते सांगितलंय. पण त्यांनी हाड मुद्दाम मोडून घेतलं नव्हतं, आणि कळपाबरोबर कुणाला तरी जावं लागणार होतं. त्या तीन वर्षांत एक कळलं. फिरत्या माणसाचं नाव यादीत राहत नाही. रेशनच्या, शाळेच्या..."

"भाषण नको."

"बरं, सर." आणि मी खरंच थांबले.

त्यांनी अर्ज मिटला. अध्यक्ष बाईंनी मग ते यादीचं पूर्ण करायला सांगितलं आणि मी दोन-तीन वाक्यांत केलं. या तुम्ही, त्या म्हणाल्या. मी सगळ्यांना नमस्कार केला, त्या सदस्यांनाही. त्यांनी मान वर केली नाही. चांगलं झालं की वाईट, याचा मला काही अंदाज नव्हता.

बाहेर फाटकाजवळ चहाच्या टपरीवर ती तांड्यावरची मुलगी बसलेली होती. मी शेजारी बसले. ती माझी वाट बघत होती की नुसती बसली होती, ते मी विचारलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं सांगितलं. त्या सदस्यांनी तिला विचारलं होतं की तुमच्या तांड्यावर अजून दारू गाळतात का, तुमच्या घरी कोण गाळतं, आई का. ती म्हणाली होती, तुमच्या घरी कोण काय करतं ते मी विचारलं का. आणि मग तिला काहीच नीट बोलता आलं नव्हतं.

मी तिला सांगितलं की ते ठरवून तसं विचारतात, माणूस कसा टिकतो ते बघायला. तिनं माझ्याकडे बघितलं. "ठरवून?" ती म्हणाली. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. थोडं थांबून ती म्हणाली, "ठरवून असू दे. पण बोलले तर माझ्या आईलाच ना."

मी दोघींसाठी चहा सांगितला.

अंतिम यादीत माझं नाव आलं, नायब तहसीलदार म्हणून. मुलाखतीत मला चांगले गुण होते. त्यातले त्या सदस्यांनी किती दिले हे कळायला मार्ग नाही. कदाचित त्यांनीच सर्वांत जास्त दिले असतील, साहेबांना तरी तसंच वाटतं. तांड्यावरच्या मुलीचं नाव यादीत नव्हतं. पुढच्या वर्षी तिनं अर्ज भरला नाही. ती आता कळमनुरीकडे एका शाळेत शिकवते, बरी आहे. आमचं फोनवर बोलणं होतं, पण त्या दिवसाचा विषय दोघींपैकी कोणी काढत नाही.

नोकरीत येऊन मला आता काही वर्षं झाली. गारपिटीनंतर पंचनामे चालू असतात तेव्हा माणसं दारात येऊन बोलतात, आणि ते सराव म्हणून बोलत नाहीत. त्यांचं पीक गेलेलं असतं. मी ऐकून घेते. सगळ्या वेळी जमतं असं नाही.

साहेबांचं वय झालं, तसं त्यांनी काही मुली माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली. पहिल्याच रविवारी एक मुलगी समोर बसली आणि मी तिला तोडलं, हसले, तिच्या बरोबर उत्तराला चूक म्हणाले. मला वाटलं होतं हे मला जड जाईल. ते मला फार सोपं गेलं. खुर्ची मोठी होती, टेबल माझं होतं, आणि समोरचीचा आवाज बारीक होत जाताना मला कुठंतरी बरं वाटत होतं. हे ज्या क्षणी लक्षात आलं, त्या क्षणी मी थांबले आणि तिला सांगितलं की आज एवढंच.

तेव्हापासून मी मुलींना आधीच सांगून टाकते की आता मी अर्धा तास वाईट बोलणार आहे, ते का बोलणार आहे, आणि तुला नकोसं झालं तर हात वर कर. साहेबांना हे पटत नाही. आधी सांगितलं तर तो सराव कसला, ते म्हणतात. त्यांचं बरोबर असेलही. पण मी सांगते. सांगूनही मुली हादरतात, परभणी सोडून नांदेडला जातात. मग आम्ही पाणी पितो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.